मोफत वापराचे सशुल्क वर्गणीत रूपांतर : जिओ प्राइमच्या आकड्याची चिकित्सा

मोफत सेवा वापरणाऱ्यांपैकी किती जण पैसे भरू लागले, याची टक्केवारी वरवर साधी वाटते. परंतु भाजक कोणता आणि मोजणीचा दिवस कोणता, हे ठरल्याखेरीज तिला अर्थ नसतो. रिलायन्स जिओचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

५ सप्टेंबर २०१६ पासून जिओची सेवा विनामूल्य मिळू लागली व ही सवलत पुढे ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढविण्यात आली. फेब्रुवारीत ग्राहकसंख्येने दहा कोटींचा टप्पा ओलांडला. ९९ रुपयांचे 'प्राइम' सदस्यत्व ७.२ कोटी ग्राहकांनी घेतल्याचे ३१ मार्चला जाहीर झाले. फेब्रुवारीतील दहा कोटी हा भाजक धरल्यास प्रमाण ७२ टक्के येते. मार्चअखेरचे सुमारे १०.९ कोटी धरल्यास तेच ६६ टक्क्यांवर उतरते. शिवाय सप्टेंबरच्या ग्राहकाला सुमारे सात महिने वापर मिळाला होता, मार्चअखेरच्या ग्राहकाला काही दिवसच. दोघांना एकाच भाजकात कोंबणे युक्त नव्हे.

उशिरा भरणाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्याच दिवशी मुदत १५ एप्रिलपर्यंत वाढविली गेली. कर्जतमधील एका दुकानाचे कल्पित उदाहरण घ्यावे. जानेवारीत २०० जोडण्या दिल्या. त्यांतील ८० जणांनी मार्चअखेर पैसे भरले, आणखी ३० जणांनी एप्रिलच्या पंधरवड्यात. प्रमाण ४० टक्क्यांवरून ५५ वर गेले. मार्चमध्ये १०० नवे ग्राहक येऊन त्यांपैकी १० जणांनी महिनाअखेर पैसे भरले असतील, तर एकत्रित प्रमाण ३०० पैकी ९०, म्हणजे ३० टक्के दिसते. व्यवसाय तोच, आकडे तीन! म्हणून प्रत्येक महिन्याच्या ग्राहकांचा गट वेगळा ठेवावा, मोफत मुदत संपल्यावर ठरावीक दिवसांनीच मोजावे आणि ज्या गटाचे ते दिवस पुरे झालेले नाहीत तो गट वगळावा. त्यानंतर येणाऱ्यांची नोंद स्वतंत्र असावी.

जिओची जोडणी घेताना बहुधा आधार पडताळणी होत असे, पैशाचे कोणतेही साधन द्यावे लागत नसे. कार्ड आधीच घेणाऱ्या सेवेत ग्राहकाचे मौन म्हणजे वसुली. येथे मौन म्हणजे निर्गमन. पहिल्या पद्धतीत विसराळूही ग्राहक ठरतो, दुसरीत दुसरे सिम म्हणून सहज घेऊन पाहणाराही भाजकात बसतो. या दोन पद्धतींची टक्केवारी शेजारी मांडणे व्यर्थ होय.

यातही ९९ रुपये हे सदस्यत्वाचे शुल्क होते, वापराचे नव्हे. १५ एप्रिलपर्यंत ३०३ रुपये वा अधिकचा पहिला भरणा करणाऱ्यांना तीन महिने विनामूल्य सेवा देऊ केली होती. ६ एप्रिलला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ती सवलत मागे घेण्यास सांगितले, तरी तोवर नोंदलेल्यांना ती मिळाली. त्यामुळे अशा ग्राहकाचा दुसरा भरणा जुलैपर्यंत दिसणारच नव्हता आणि ३१ मार्चच्या ७.२ कोटींवरून तो ताडणेही शक्य नव्हते.