तळाला उरलेलं

चिकपेटेतल्या एका गलाई कुटुंबातल्या मुलाची सोळा ओळींची कविता वाचनात आली. ती अजून कुठे छापलेली नाही. विटा, खानापूर, आटपाडी या सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी टापूतून सोनं-चांदी शुद्ध करायला देशभर पांगलेली ही माणसं. मुलगा मात्र नोकरीला लागला आहे. पहिला पगार तो बापाच्या हाती देतो. कवितेत घडतं ते एवढंच.

पहिलाच शब्द आहे 'संबळ'. कन्नडमध्ये संबळ म्हणजे पगार, मराठीत गोंधळ्याचं वाद्य. मुलगा आईला दारातूनच सांगतो, संबळ आला. बेंगळुरात वाढलेल्या मुलाच्या तोंडी हा शब्द इतका सहज आहे, की त्यात श्लेष साधल्याचा आव वाटत नाही. घरात कुळाचार चालू असल्यासारखं मात्र वाटून जातं. 'वेतन' लिहिलं असतं तर कविता कचेरीतच राहिली असती.

पगार खात्यात जमा झालेला. हातात द्यायचा म्हणून तो एटीएममधून नोटा काढून आणतो. बाप त्या दोनदा मोजतो. बाहेरच्याला हा अविश्वास वाटेल. पण दुसऱ्याचं सोनं घेताना आणि देताना तोलण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचं मोजणं म्हणजे मान देणं. कवी हे समजावून सांगत नाही, हे चांगलं केलं.

मग बाप विचारतो, "तळाला किती उरलं?" कविता इथे उघडते. गलाईत अशुद्ध सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते वितळवतात आणि मग तेजाबात टाकतात. चांदी, तांबं विरघळून जातं, सोनं तळाला बसतं. तेव्हा ते पिवळं नसतं, तपकिरी गाळासारखं दिसतं. मुशीत पुन्हा वितळलं की रंग येतो. बापाच्या प्रश्नाचा साधा अर्थ, खोलीचं भाडं आणि बसभाडं जाऊन हाती काय राहिलं. मुलगा आकडा सांगतो आणि पुढच्याच ओळीत बापाच्या खोकल्याचा उल्लेख येतो. तेजाबाचा तांबूस धूर कुठेच लिहिलेला नाही, पण कृतज्ञता आहे ती त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत. आपल्या घरांत आईबापांना कोणी 'धन्यवाद' म्हणत नाही. कवीला ते ठाऊक आहे.

बारावी-तेरावी ओळ मात्र काढायला हवी. तिथे आईचे हात सोन्याचे होतात. इतका वेळ सोनं हा व्यवसाय होता, तिथे ते अलंकार झालं, आणि न दाखवलेलं प्रेम एकदम दाखवायला ठेवल्यासारखं झालं. गाळाच्या रंगाचे हात म्हटलं असतं तरी चाललं असतं.

शेवटी बाप एक नोट काढून मुलाला परत देतो, "बसला ठेव" म्हणतो आणि भट्टीकडे वळतो.