नवे आहे, पण आविष्कार आहे का? मिर्झापूरच्या लेथचा खटला

पेटंट कायद्यावरील बहुपर्यायी प्रश्नात तुम्ही योग्य निष्कर्षापर्यंत येता, पण अनेकदा चुकीच्या कारणाने. ही चूक समजून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल पाहू. ‘विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज’ हा खटला मिर्झापूरच्या भांडी व्यवसायातला होता.

भांडे खरवडून घासताना ते पूर्वी लेथच्या हेडस्टॉकला चिकट सिमेंटने बसवत किंवा चकच्या जबड्यात धरत. टेलस्टॉकचा आधार नसे. त्यामुळे भांडे निसटून उडण्याचा आणि कामगाराला इजा होण्याचा धोका होता. पेटंटधारकाने भांडे हेडस्टॉकवरील ॲडॉप्टर आणि टेलस्टॉकमधील दाब देणारा स्पिंडल यांच्यामध्ये धरले. सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट अवैध ठरवले.

आता या खटल्यावर बेतलेला, थोडा सोपा केलेला प्रश्न पाहा. पहिल्या जुन्या दस्तऐवजात हेडस्टॉक आणि टेलस्टॉक यांच्यात लाकडाचा तुकडा दाबून धरणारा लेथ आहे. दुसऱ्यात केवळ हेडस्टॉकला चिकटवलेले भांडे आहे. अर्जदाराचा दावा भांडे दोन्हींच्या मध्ये दाबून धरण्याचा आहे. योग्य पर्याय कोणता?

(अ) नावीन्य नाही, कारण दोन दस्तऐवज मिळून सर्व भाग सापडतात.
(ब) नावीन्य आहे आणि काम अधिक सुरक्षित होते, म्हणून पेटंट मिळावे.
(क) नावीन्य आहे, पण कुशल कारागिराला हे सहज सुचले असते, म्हणून इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही.
(ड) हे सहज सुचण्यासारखे आहे, म्हणून नावीन्य नाही.

उत्तर (क). नावीन्य तपासताना एकच दस्तऐवज हातात घ्यायचा आणि दाव्यातील प्रत्येक घटक त्यातच एकत्र मिळतो का, हे पाहायचे. इथे पहिल्यात भांडे नाही, दुसऱ्यात टेलस्टॉक नाही. म्हणून (अ) चुकतो. दस्तऐवजांची सांगड घालता येते ती पुढच्या टप्प्यावर, इन्व्हेंटिव्ह स्टेप तपासताना. तिथेही प्रश्न ‘जोडता येतात का’ असा नसतो. पेटंटच्या आधीच्या काळातील, त्या धंद्यातील सामान्य ज्ञान असलेल्या आणि हीच अडचण भेडसावणाऱ्या माणसाने ते जोडले असते का, हे विचारायचे. त्याला पेटंटची माहिती नाही, असेही गृहीत धरायचे. निसटणारी वस्तू दुसऱ्या बाजूने टेकू देऊन धरणे हे टेलस्टॉकचे नेहमीचेच काम. म्हणून हा कार्यशाळेतला बदल ठरतो.

(ब) मोहात पाडतो. पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) नुसार तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, हवे. पण वाक्य तिथे संपत नाही: त्या वैशिष्ट्यामुळे शोध त्या क्षेत्रातील जाणकाराला उघड न वाटणारा व्हायला हवा. सुरक्षितता वाढणे ही पहिली अट भागवते, दुसरी नाही.

(ड) मध्ये निष्कर्षाची नावे बदलली आहेत, आणि इथे निकालावरच माझा आक्षेप आहे. दावा अमान्य करताना न्यायालय जुन्या उपकरणाचा किरकोळ बदलासह वापर, कार्यशाळेतली सुधारणा आणि नावीन्याचा अभाव या गोष्टी एका दमात मांडते. वास्तविक त्या वेळच्या १९११ च्या कायद्यातही नावीन्याचा अभाव आणि उघडपणा ही पेटंट रद्द करण्याची वेगवेगळी कारणे होती. निकालाचा शेवट मला पटतो, पण वाचणाऱ्याला कोणत्या कारणाने पेटंट पडले हे नेमके कळत नाही. परिणामी (ड) सारखी उत्तरे लिहिली जातात.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. नावीन्य नसल्याचे म्हणणाऱ्याला सर्व घटक असलेला एक जुना दस्तऐवज किंवा वापर दाखवावा लागतो. उघडपणा म्हणणाऱ्याला सांगड घालण्याचे कारण सांगावे लागते. ते कारण दिले नाही, तर शोध पाहिल्यावर ‘यात काय विशेष’ असे वाटण्याच्या सवयीलाच पुरावा मानले जाईल.

आता तथ्य बदला. समजा, जुन्या दस्तऐवजात लिहिले आहे की पातळ पत्र्याच्या भांड्यावर टेलस्टॉकचा दाब देऊ नये, ते चेपते. अर्जदाराने भांड्याच्या आतल्या आकाराशी जुळणारा ॲडॉप्टर बनवून चेपणे टाळले. दाव्यात तो ॲडॉप्टर नमूद असेल, तर (क) लगेच निवडू नका. कारागिराला त्या वाटेने जाऊ नको असे सांगितले होते, तरी तो गेला असता, हे आता दाखवावे लागेल. मात्र असा ॲडॉप्टर त्या धंद्यात आधीपासून परिचित असेल, तर उत्तर पुन्हा (क) कडे झुकेल.

म्हणून पर्यायांवर नजर टाकण्याआधी कागदावर दोन रकाने आखा: एकात दाव्याचे घटक, दुसऱ्यात प्रत्येक घटक कोणत्या दस्तऐवजात आहे. सर्व घटकांसमोर एकाच दस्तऐवजाचे नाव आले, तर नावीन्य गेले. वेगवेगळी नावे आली, तर जोडण्याचे कारण शोधा.