‘उपवास केला: होय / नाही’ या रकान्यात काय मावत नाही

आरोग्यविषयक संशोधनाची तयारी करणाऱ्यांना ‘कल्चरल कॉम्पिटन्स’ हा शब्द आता सारखा भेटतो. मराठीत आपण त्याला सांस्कृतिक जाण म्हणू. रुग्णाच्या श्रद्धा, आहाराचे नियम, उपासतापास लक्षात घेऊन उपचार करायचे, एवढा त्याचा सरळ अर्थ. प्रश्न असा की ही जाण मोजायची कशी? ‘श्रद्धा’ हा व्हेरिएबल म्हणून पकडायला गेलं की नेमकं काय हातातून निसटतं? हे बघण्यासाठी मधुमेह आणि उपवास हे उदाहरण घेऊ, कारण इथे आकडे उपलब्ध आहेत आणि चूक झाली तर माणूस बेशुद्ध पडतो.

या विषयातला सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास म्हणजे एपिडायर. 13 देशांतल्या मधुमेही मुस्लिम रुग्णांची 2001 सालच्या रमजाननंतर पाहणी झाली आणि 2004 मध्ये ‘डायबेटिस केअर’मध्ये निष्कर्ष आले. विश्लेषणात 12,243 रुग्ण होते. टाइप 1 मधले सुमारे 43 टक्के आणि टाइप 2 मधले सुमारे 79 टक्के लोक किमान 15 दिवस रोजा ठेवत होते. टाइप 2 मध्ये साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याच्या गंभीर घटना दर माणशी दर महिना 0.004 वरून 0.03 वर गेल्या. म्हणजे हजार रुग्णांमागे महिन्याला 4 घटना होत होत्या, त्या 30 झाल्या. टाइप 1 मध्ये हाच आकडा 30 वरून 140 वर गेला.

या अभ्यासाचं पहिलं मोल असं की त्याने डॉक्टरांची एक सोयीची समजूत मोडली. ‘आम्ही नको सांगतो, म्हणजे रुग्ण करत नाहीत’ असं धरून चालता येत नाही. टाइप 2 मधले पाचपैकी चार जण रोजा ठेवतच होते. आणि औषधाचा डोस बदलणारे किती? गोळ्या घेणाऱ्यांपैकी साधारण एक चतुर्थांश, इन्सुलिन घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांश. बाकीचे अन्नाची वेळ पूर्ण बदलून औषध मात्र जुन्याच हिशेबाने घेत होते.

आता खरी गंमत. त्याच पेपरमध्ये एक निष्कर्ष असा आहे की ज्यांनी डोस बदलला, त्यांच्यात साखर गंभीररीत्या पडण्याच्या घटना जास्त होत्या. वरवर वाचलं तर वाटेल, मग डोस बदलणंच धोक्याचं! जर्नल क्लबमध्ये हा मुद्दा कुणी असाच मांडला, तर तिथे थांबवून विचारायला हवं. ज्यांची साखर आधीपासूनच वरखाली होते, तेच लोक डोस बदलण्याची शक्यता जास्त. म्हणजे डोस बदलणं हे धोक्याचं कारण नसून धोक्याची खूण असू शकतं. किंवा क्रम उलटा असेल: आधी साखर पडली, मग घाबरून डोस बदलला. महिना संपल्यावर एकदाच विचारणाऱ्या पाहणीत आधी काय आणि नंतर काय हे सुटं करणं फार अवघड असतं. तिसरी शक्यता म्हणजे डोस बदलला, पण कुणालाही न विचारता, अंदाजाने. तिन्ही शक्यतांमध्ये आकडा तोच राहतो आणि रुग्णाला द्यायचा सल्ला मात्र वेगवेगळा होतो.

आठवणीवर आधारलेल्या पाहणीची आणखी एक मर्यादा आहे. नुकताच सरलेला महिना जास्त स्पष्ट आठवतो, आधीचे महिने पुसट होतात. त्यामुळे रमजान असेल त्याहून थोडा अधिक वाईट दिसू शकतो. दुसऱ्या बाजूला, ‘गंभीर’ची व्याख्या रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेली होती. दुपारी चार वाजता घाम फुटला, हात थरथरले आणि माणूस गुपचूप आडवा झाला, ही घटना त्यात मोजलीच जात नाही. एक त्रुटी आकडा फुगवते, दुसरी दाबते. दोन्ही एकमेकींना नेमक्या छेदतात असं मानायला काहीच आधार नाही.

पुढचा प्रश्न ओघाने येतो: रुग्णांना आधी नीट समजावून सांगितलं तर फरक पडतो का? लंडनमधला ‘रीड’ नावाचा अभ्यास (2010, ‘डायबेटिक मेडिसिन’) नेमका यावर आहे. टाइप 2 चे 111 रुग्ण. एका गटाने रमजानपूर्वी प्रशिक्षणसत्र केलं: जेवणाचं नियोजन, व्यायाम, साखर कधी तपासायची, गोळ्यांच्या वेळा कशा हलवायच्या. दुसऱ्या गटाने केलं नाही. पहिल्या गटात साखर कमी होण्याच्या घटना 9 वरून 5 वर आल्या, दुसऱ्यात 9 वरून 36 वर गेल्या.

फरक मोठा आहे, पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. सत्राला येणारा माणूस मुळातच काळजी घेणारा असू शकतो. त्यामुळे सगळं श्रेय सत्राला देता येत नाही. तरीही मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने प्रश्नच बदलला. ‘उपवास करू द्यायचा की नाही’ याऐवजी ‘करणारच असेल तर कसा’ असं विचारलं. सुईने टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे स्पष्ट नियम आज मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, ते याच वाटेने आले.

आता आपल्याकडे येऊ. रमजानचा साचा जसाच्या तसा उचलून महाराष्ट्रातल्या मधुमेहींवर प्रश्नावली बनवली तर? रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य, हा नियम सगळ्यांसाठी जवळपास एकच. आपल्याकडे ‘उपवास’ या एका शब्दात किती प्रकार आहेत बघा. हरतालिकेला कित्येक जणी पाणीही घेत नाहीत. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबायचं. एकादशीला साबुदाणा, वरई, बटाटा, शेंगदाणे दिवसभर चालतात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही पडली. नवरात्रात कुणी नऊ दिवस करतं, कुणी उठता-बसता. काही जण नऊ दिवस चप्पल घालत नाहीत, आणि ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला हे उपाशी राहण्यापेक्षा महागात पडू शकतं. या सगळ्यांपुढे ‘उपवास केला: होय / नाही’ असा एकच रकाना ठेवला, तर साखर पाडणारा उपवास आणि साखर चढवणारा उपवास एकाच ढिगात पडतील. सरासरीत परिणाम शून्य दिसेल आणि आपण लिहू, ‘उपवासाचा लक्षणीय परिणाम आढळला नाही’.

एक रुग्ण कल्पून पाहू. साठीच्या काकू आहेत. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड, दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन. यातली ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. संकष्टीच्या दिवशी काकूंनी सवयीने सकाळची गोळी घेतली, चहा घेतला, अकरा वाजता एक केळं खाल्लं. चार वाजता घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. घरच्यांनी म्हटलं, ‘उपासाने अशक्तपणा आलाय, पडून राहा.’ रात्री सव्वानऊला चंद्र दिसल्यावर मोदकांसह भरपेट जेवण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेली रक्ततपासणी होती. उशिराच्या जड जेवणामुळे उपाशीपोटीची साखर चढलेली निघाली. डॉक्टरांना आदल्या दिवसाचं काहीच माहीत नाही. त्यांनी ग्लिमेपिराइड वाढवली. पुढच्या संकष्टीला चार वाजता काय होईल, याचा अंदाज करा.

या साखळीत कुणीही अडाणीपणा केलेला नाही. रिपोर्ट बरोबर, गोळी बरोबर, व्रतही नेहमीचंच. चुकलं ते एवढंच की गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ कुणी शेजारी ठेवून पाहिली नाही. काकूंनी उपवासाचं सांगितलं का नाही? मागे कधीतरी ‘मधुमेहात उपास-बिपास बंद’ असं ऐकलेलं असतं, म्हणून तो विषय दवाखान्यात काढायचाच नाही असं ठरून गेलेलं असतं. आणि व्रताचा नियम माहीत असता तर चार वाजता उपाय स्वयंपाकघरातच होता. संकष्टीला साखर चालते. साखरपाण्याने उपवास मोडत नाही. रोज्यात किंवा निर्जळी हरतालिकेत मात्र तेच साखरपाणी म्हणजे व्रत सोडणं, तिथे सोडायची तयारी आधीच बोलून ठेवावी लागते.

मात्र श्रद्धा शोधायच्या भरात उलटी चूकही होते. आर्थर क्लाइनमन आणि पीटर बेन्सन यांनी 2006 च्या ‘प्लॉस मेडिसिन’मधल्या लेखात कॅलिफोर्नियातलं एक उदाहरण दिलं आहे. एचआयव्हीबाधित मेक्सिकन वडील आपल्या बाधित मुलाला नियमित दवाखान्यात आणत नव्हते. डॉक्टरांना वाटलं, आजाराबद्दलची त्यांची सांस्कृतिक समजूतच वेगळी असणार. मानववंशशास्त्रज्ञाने चौकशी केली तर त्यांना आजाराची आणि उपचारांची उत्तम माहिती होती. ते अत्यंत कमी पगारावर बस चालवत, बऱ्याचदा रात्रपाळीत. वेळच मिळत नव्हता. काकूंच्या बाबतीतही ‘श्रद्धेमुळे उपचार बिघडले’ असं लिहून टाकणं सोपं आहे; रक्ततपासणी दोन दिवस पुढे ढकलली असती तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

म्हणून या विषयावर सिनॉप्सिस लिहीत असाल तर ‘होय / नाही’चा रकाना काढून टाका. त्या जागी एका दिवसाचं कोष्टक घ्या: किती वाजता काय खाल्लं, पाणी कधी प्यायलं, कोणती गोळी कधी घेतली, त्रास कधी झाला. साध्या दिवसाचं एक आणि उपवासाच्या दिवसाचं एक, त्याच माणसाचं. तुलना त्याच माणसाशी झाली की काळजीवाहू आणि बेफिकीर अशा दोन माणसांतल्या फरकाची अडचण बरीच कमी होते. आणि हे महिन्यानंतर आठवून नको, त्याच दिवशी भरून घ्या. नमुना लहान राहील, काम वाढेल. गाईड विचारतील, ‘एन एवढाच का?’ तेव्हा एपिडायरमधला डोस बदलणाऱ्यांचा तो निष्कर्ष दाखवा आणि विचारा, बारा हजारांवर माणसं असूनही त्याचा अर्थ आपल्याला खात्रीने लावता येतो का?