तलवार म्यान होते तेव्हा

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा सकर पंच या स्टुडिओचा 2020 सालचा गेम. 1274 मधलं मंगोलांचं आक्रमण आणि त्यांच्याशी झुंजणारा जिन साकाई हा सामुराई, एवढी त्याची गोष्ट. लढाई संपली की कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट उजवीकडे सरकवायचं, जिन तलवार म्यान करतो. यातून ना गुण मिळतात, ना शत्रू मरतो. तरी खेळणारी माणसं दर लढाईनंतर हे करतात आणि तेवढा वेळ दुसरं काहीच करत नाहीत. दीड-दोन सेकंदांच्या या हालचालीत असं काय आहे, ते जरा जवळून पाहू.

आधी तिच्यामागचं साधं सत्य. जिनने तलवार धरलेली नसते. गेममधल्या पात्राच्या आत हाडांचा सांगाडा असतो, आणि तलवार ही त्यातल्या एका हाडाला जोडलेली सुटी वस्तू असते. जोडायची जागा आणि कोन आधी ठरवून ठेवलेला असतो. त्या खुणेला सॉकेट म्हणतात. एक सॉकेट उजव्या तळहातात, दुसरा कमरेपाशी. हात फिरला की तलवार फिरते, कंबर हलली की तलवार हलते. मधली अवस्था नाहीच. कुठल्यातरी एका फ्रेमला मालक बदलतो: त्याआधी तलवार पूर्णपणे हाताची, त्यानंतर पूर्णपणे कमरेची. ही फ्रेम आपल्याला दिसू नये, यात सगळी कला आहे.

कारागिरी समजून घ्यायला अनरिअल इंजिन सोयीचं, कारण ते कुणालाही उघडून पाहता येतं. तिथे म्यान करण्याची हालचाल एका मोंटाजमध्ये ठेवतात आणि तिच्या पट्टीवर हव्या त्या फ्रेमला नोटिफाय नावाची खूण करतात. खेळताना ती खूण आली की एवढंच घडतं:

```cpp
Sword->AttachToComponent(
    GetMesh(),
    FAttachmentTransformRules::SnapToTargetNotIncludingScale,
    TEXT("ScabbardSocket"));
```

खूण कुठे करायची, हा खरा प्रश्न. सेकंदाला 30 फ्रेम धरून 45 फ्रेमची, म्हणजे दीड सेकंदाची हालचाल घेऊ. पहिल्या 12 फ्रेममध्ये तलवार अंगासमोरून डावीकडे येते आणि डावा हात म्यानाचं तोंड पकडतो. 18 व्या फ्रेमपर्यंत पात्याची पाठ त्या तोंडावरून सरकत टोक आत शिरतं. 18 ते 33 मध्ये सुमारे 70 सेंटिमीटरचं पातं आत जातं. 33 ते 36 मध्ये मुठीजवळची चकती म्यानाला टेकलेली असते आणि हात थबकतो. मग हात मूठ सोडून निघून जातो.

नवखा ॲनिमेटर खूण बहुधा 27 व्या फ्रेमच्या आसपास करतो, कारण तलवार आत ‘जाताना’ तिथे दिसते. परिणाम असा की अजून वीतभर पातं बाहेर असताना ते एका फ्रेमात गडप होतं आणि हात हवेतच खाली येत राहतो. उशीर करून 40 व्या फ्रेमला केली, तर निघालेल्या हाताबरोबर तलवार पुन्हा थोडी वर उचलली जाते आणि आदळल्यासारखी जागेवर जाते. बरोबर जागा 34 वी फ्रेम, जिथे हात आणि कंबर एकमेकांच्या तुलनेत स्थिर आहेत. मालक बदलला तरी तलवारीची जागा बदलत नाही, म्हणून डोळ्याला कळत नाही. गेमच्या कन्सोलमध्ये `slomo 0.1` लिहून वेग दहा पट मंद केला की हे तिन्ही प्रकार लख्ख वेगळे दिसतात.

वेळ अचूक असूनही तलवार किंचित टचकन हलत असेल, तर दोष सॉकेटचा. वरच्या कोडमधला नियम तलवारीला आहे तिथून उचलून थेट सॉकेटवर नेतो, मग अंतर एक सेंटिमीटर असो वा हातभर. `KeepWorldTransform` हा दुसरा नियम वापरला तर उडी दिसत नाही, पण ती चूक तशीच गोठून राहते आणि तलवार दर वेळी कमरेला वेगळ्या कोनात वाकडी लटकते. हा उपाय मला आळशीपणाचा वाटतो. हालचाल 34 व्या फ्रेमला थांबवावी, हातातल्या तलवारीची नेमकी जागा मोजावी आणि म्यानाचा सॉकेट तिथेच बसवावा, हे बरं. उपसण्याच्या हालचालीनेही मग त्याच जागेवरून सुरुवात करायची.

आता डाव्या हाताकडे पाहा. जिनची हालचाल जिवंत वाटते ती मला त्याच्यामुळे. तलवार म्यान करताना डावा हात म्यान नुसतं धरत नाही, ते किंचित पुढे-मागे करून पात्याला वाट देतो. म्हणजे म्यान कमरेला खिळ्याने ठोकल्यासारखं असून चालत नाही. सांगाड्यात त्याला स्वतःचं हाड लागतं, कमरेच्या हाडाचं मूल म्हणून, आणि तलवारीचा सॉकेट कमरेवर न ठेवता या हाडावर ठेवावा लागतो. सॉकेट कमरेवरच राहिला, तर डावा हात म्यान हलवतो आणि आतली तलवार जागची हलत नाही. पातं म्यानाची भिंत फोडून बाहेर डोकावतं. (इतिहासाचे जाणकार म्हणतील की तेराव्या शतकात कमरेला दोरीने टांगलेली, धार खाली असलेली ताची असायची; पट्ट्यात खोवलेली कताना पुढच्या काळातली. खरं आहे. पण टांगलेली ताची चालताना झुलते, आणि झुलत्या म्यानात तलवार घालणं ही ॲनिमेटरची वेगळीच डोकेदुखी झाली असती.)

पळता पळता तलवार म्यान करायची झाली तर आणखी एक गोम. पाय पळण्याच्या हालचालीतून येतात, धड म्यान करण्याच्या हालचालीतून. त्यामुळे कंबर एका तालात आणि हात दुसऱ्या. मूठ म्यानापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा खुणेच्या आधीच्या काही फ्रेममध्ये आयके लावून हाताला म्यानाकडे ओढतात आणि खुणेनंतर हळूहळू सोडतात.

मध्येच शत्रू आला तर? समजा 25 व्या फ्रेमला खेळाडूने वार करायचं बटण दाबलं. मोंटाज तिथेच तुटतो, 34 ची खूण कधी येतच नाही, आणि तलवार हातातच राहते. हे योग्यच. गडबड होते ती हिशेबात. ‘तलवार म्यानात आहे’ ही नोंद हालचाल सुरू होतानाच केली असेल, तर हातात तलवार असूनही गेम जिनला निःशस्त्र समजतो. म्हणून नोंद आणि जोडणी दोन्ही एकाच खुणेवर बदलायला हव्यात.

याच तलवारीची दुसरी बाजू स्टँडऑफमध्ये दिसते. शत्रू समोर, तलवार म्यानात, खेळाडू बटण दाबून धरून वाट पाहतो. शत्रू झेपावला की बटण सोडायचं आणि एका वारात निकाल. हात मुठीवर स्थिर आहे म्हणून तलवार आधीच हाताच्या ताब्यात द्यावी, असा मोह होतो. तो टाळावा. वाट पाहताना छाती श्वासाने वर-खाली होते, तिच्याबरोबर हातही, आणि ताबा हाताकडे असेल तर म्यानातलं पातं त्या श्वासाबरोबर आत-बाहेर डुलू लागतं. ताबा उपसण्याच्या पहिल्याच फ्रेमला द्यायचा. बोटं तेव्हा मिटलेली असतात आणि पातं अजून हललेलं नसतं.

वार दाखवणारे गेम पुष्कळ आहेत. वारानंतरची तलवार इतक्या सबुरीने ठेवणारा मला हा एकच आठवतो, आणि माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं ॲनिमेशन लढाईतलं नाही, हेच आहे.