पाठांतराचा वास

आपल्या वस्त्यांतली पथनाटकं मी गेली कित्येक वर्षं पाहतो आहे. अकोल्यात पाहिली, मूर्तिजापुरात पाहिली, अमरावतीत पाहिली. विषय जळता असतो, पोरं जीव तोडून काम करतात, आणि तरी पाचव्या मिनिटाला समोरची म्हातारी पदर सावरत उठून जाते. तिला विषय कळत नाही असं नाही, तो तिचाच विषय आहे. पण समोरची बाई बोलत नाही, नुसती म्हणून दाखवते आहे, हे तिला आपल्याआधी कळतं.

'आपल्या पोरांना अभिनय येत नाही' असं यावर सांगितलं जातं. मला ते साफ नामंजूर आहे. हीच पोरं टपरीवर फौजदाराची नक्कल करतात तेव्हा सगळी टपरी पोट धरून हसते. दोष आपल्या लिहिण्यात आहे आणि तालमीत आहे. जिनं जन्मभर 'मले', 'तुले' म्हटलं तिच्या तोंडी आपण 'माझ्या पतीचा बळी या व्यवस्थेने घेतला आहे' हे वाक्य कोंबतो. ती बिचारी ते घोकते. मग सगळं लक्ष पुढचं वाक्य विसरू नये याकडे. समोरचा काय बोलला हे ती ऐकतच नाही. ताठपणा येतो तो इथून.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा 2014 चा चित्रपट कार्यकर्त्यांनी या नजरेनं पुन्हा पाहावा. त्यातल्या शाहीर नारायण कांबळेचं काम नागपूरच्या वीरा साथीदारांनी केलं. ते पेशानं नट नव्हते, चळवळीतले माणूस होते, 'विद्रोही'चे संपादक होते. 2021 मध्ये ते गेले. गटारात उतरून मेलेल्या वासुदेव पवारच्या बायकोची साक्ष आठवा. उषा बाने यांनी ते काम केलं आहे. वकील विचारतो तेवढंच ती सांगते. नवरा आधी गटारात खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. दारू का प्यायचा, तेही सांगते. रडत नाही, हात उंचावत नाही. एवढं भयंकर सत्य ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगते आणि आपल्या अंगावर काटा येतो.

पण इथं एक गैरसमज नको. 'कोर्ट' काही ऐनवेळी सुचेल ते बोलून झालेला नाही. त्याची पटकथा लिहिलेली होती, आणि एकेका प्रसंगाचे तीस-चाळीस टेक घेतले गेले. कॅमेऱ्याला त्यातला एक जिवंत टेक निवडता येतो. चौकात आपल्याला एकच टेक असतो. म्हणून त्यांची रीत जशीच्या तशी उचलून भागणार नाही. आपल्याकडे दुसरी रीत आहे, जलशाची. भीमराव कर्डकांच्या आणि इतर आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात आपला विचार भरला. तमाशाच्या बतावणीत शब्दन्‌शब्द घोकलेला नसतो. कुठून निघायचं, कुठं पोचायचं आणि मधे कोणते टप्पे घ्यायचे हे पक्कं असतं. मधली वाट रोज नवी.

ही रीत आजच्या तालमीत कशी लावायची, ते एका प्रसंगावर सांगतो. सेप्टिक टँकमध्ये माणूस मेला आहे. ठेकेदाराचा माणूस वीस हजार रुपये घेऊन विधवेकडे कागदावर अंगठा घ्यायला येतो. प्रथम सगळ्यांच्या हातातले कागद काढून घ्या. मग दोघांना वेगवेगळं बाजूला नेऊन सांगा. त्याला सांगा, "हिचा भाऊ यायच्या आत अंगठा घे, पण माणूस मेल्याचा शब्द तोंडातून काढू नको." तिला सांगा, "भाऊ येईपर्यंत याला थोपवून धर, पण कागदाला भितेस हे दिसू देऊ नको." एकाला काय सांगितलं ते दुसऱ्याला कळू देऊ नका. तिच्यापुढे सुपात तूर द्या. ती खरोखर निवडायची, नुसता हात फिरवायचा नाही. हाताला काम मिळालं की तोंडाचा ताठा जातो.

टप्पे फक्त पाच ठरवा : तो येतो, पैसे काढतो, ती कागदाचं विचारते, तो घाई करतो, भाऊ येतो. पहिल्या खेपेला मधे थांबवू नका. आमच्या मंडळात हा प्रसंग पहिल्यांदा वीस मिनिटं चालला आणि निम्मा वेळ फुकट गेला. पण त्यातच ती बाई सुपातली नजर न काढता म्हणाली, "पैसे ठेवा ना भाऊ. कागद कायले पायजे मंग? आमी का पळून चाललो?" हे वाक्य कोणा लेखकाला सुचलं नसतं. अशी दोन-चार वाक्यं वहीत टिपून ठेवावी. पण ती तिला पाठ करायला देऊ नका. पुढच्या खेपेला फक्त तो टप्पा आठवून द्या, वाक्य आपोआप येतं, थोडं बदलून येतं.

पुढच्या प्रत्येक तालमीत एकच गोष्ट गुपचूप बदला. कधी रक्कम, कधी तो बसतो की उभा राहतो, कधी भाऊ लवकर येतो. मग ऐकल्याशिवाय तिला गत्यंतर नाही. अशा दहा-बारा खेपांत वीस मिनिटांचा प्रसंग आठ मिनिटांवर येतो.

पाठांतराचा वास ओळखायच्या खुणाही सांगतो. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं. डोळे वर छपराकडे जातात. एकाच शब्दावर रोज तोच हेल येतो. असं दिसलं की ओरडू नका. "नीट कर" म्हटल्यानं कोणी नीट करत नाही. तिला विचारा, "आत्ता त्याच्या हातात काय होतं?" सांगता आलं नाही, तर ती पाहत नव्हती. तोच टप्पा पुन्हा घ्या.

मोकळ्या मैदानाची अडचण वेगळी. घरच्यासारखं बोललं की तिसऱ्या रांगेला ऐकू जात नाही, आणि "मोठ्यानं बोल" म्हटलं की लगेच भाषण सुरू होतं. यावर इलाज म्हणजे त्या दोघांना वीस पावलं लांब ठेवा. ती अंगणाच्या कोपऱ्यात, तो फाटकापाशी. आता मोठ्यानं बोलायला खरं कारण मिळालं.

या रीतीला कुंपणही आहे. जिच्या घरात असं मरण झालं आहे तिला "ते आठव आणि रड" असं कधी सांगू नये. माणसाची जखम हे तालमीचं सामान नव्हे. आणि कायदा, आकडे मनचे बोलायचे नाहीत. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी करणारा कायदा 2013 चा. मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये दहा लाख ठरवली, 2023 मध्ये ती तीस लाख केली. हा मजकूर भावाच्या हातात छापील कागद देऊन अडखळत वाचू द्या. वाचणारा माणूस ताठ असतोच, तिथं ताठपणा खरा वाटतो. आणि वीस हजाराच्या नोटा समोर असताना 'तीस लाख' हा शब्द आला, की तुमच्या घोषणेचं काम तो एकटा करतो. त्यानंतर नटीनं काही बोलू नये. तिनं सूप बाजूला ठेवलं तरी पुरे.