मुक्कामी गाडीवरचा वाहक

नागपुरातल्या एका एसटी आगारात चालकाच्या निवृत्तीनिमित्त काढलेल्या ग्रुप फोटोच्या दोन प्रती माझ्यासमोर आहेत. फोटो डिसेंबरातला, सकाळी दहाचा. पुढे खुर्च्यांवर अधिकारी आणि निवृत्त होणारे चालक, मागे उभी खाकी वर्दीतली मंडळी. या चालकांच्या जोडीने वर्षानुवर्षे ड्यूटी केलेला वाहक त्या दिवशी मुक्कामी गाडीवर होता, म्हणून तो फोटोत नव्हता. दोन्ही प्रतींत तो मागच्या रांगेच्या उजव्या टोकाला नंतर आणून उभा केलेला आहे. पहिल्या प्रतीत तो परका वाटतो, तर दुसरीत नजर त्याच्यावरून सहज पुढे सरकते. या कामात यश ते हेच.

जुन्या ग्रुप फोटोंत गैरहजर माणसाचा चेहरा वरच्या कोपऱ्यात लंबगोलात छापत. ती पद्धत सरळ होती, पण तो माणूस कायम रांगेबाहेर राहायचा.

पहिल्या प्रतीत चेहरा लग्नातल्या फोटोतून घेतला आहे आणि धड शेजारच्या सहकाऱ्याचे. सगळ्यांची वर्दी एकच, तेव्हा धड कुणाचेही चालेल, असा हिशेब असावा. वर्दीनेच तो हिशेब चुकवला. एकच शर्ट दोनदा दिसू नये म्हणून ते धड आरशासारखे उलटे केले आहे. पुरुषांच्या शर्टात डावी पट्टी उजवीवर येते. इथे ती नेमकी उलटी आली. छातीवरच्या बिल्ल्याचा नंबरही उलटा झाला असणार, म्हणून तो पुसून टाकलाय. त्या जागी कापड इस्त्री केल्यासारखे सपाट आहे, भोवती मात्र सगळीकडे चुण्या आहेत. साध्या कपड्यांच्या गर्दीत हे खपून गेले असते. सारख्या कपड्यांत डोळा आपोआप शेजाऱ्याशी तुलना करतो आणि बिल्ला नसलेला एकच वाहक लगेच उठून दिसतो.

चेहऱ्याची अडचण उन्हाची आहे. लग्न मे महिन्यातले, भर दुपारचे. नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांतल्या दुपारच्या फोटोत डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते. डिसेंबरात सकाळी दहाला सूर्य आग्नेयेकडे, क्षितिजापासून जेमतेम पस्तीस अंश वर असतो. ही रांग पूर्वेकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे सगळ्यांच्या नाकाची सावली फोटो बघणाऱ्याच्या उजव्या हाताला पडते. एकट्या वाहकाची तेवढी खाली पडते. फोटोशॉपमध्ये चेहरा उजळता येतो, रंग जुळवता येतो. पण चेहऱ्यावर पडलेले ऊन वळवणे फार अवघड. पहिल्या प्रतीत तो चेहरा उजळलाय खरा, पण त्यामुळे डोळ्यांखाली राखाडी डाग तेवढे उरले.

दुसरी प्रत सीताबर्डीवरच्या एका कारागिराची. त्याने लग्नाचा फोटो बाजूला ठेवला आणि वाहकाला निरोप धाडला, "भाऊ, वर्दी घालून उद्या दहालेच या, बिल्ला लावूनशानी." दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी, कॅमेरा तितक्याच अंतरावर आणि तितक्याच उंचीवर ठेवून त्याने फोटो काढला. हाताच्या अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. रांगेतल्या चेहऱ्यांची ठेवण तशी नसते, म्हणून अंतर महत्त्वाचे.

मला सर्वांत आवडली ती त्याची पुढची गोष्ट. रांगेच्या टोकाला जो सहकारी होता, त्यालाही त्याने पुन्हा वाहकाशेजारी उभे केले. ऊन डावीकडून येत असल्यामुळे त्या सहकाऱ्याच्या खांद्याची सावली वाहकाच्या बाहीवर पडली. चिकटवलेला माणूस ओळखू येतो तो बहुधा याच ठिकाणी: त्याच्यावर शेजाऱ्याची सावली नसते. इथे ती आहे, खरी आहे, आणि मूळ रांगेतल्या सावल्यांइतकीच मऊ आहे. सहकाऱ्याचा खांदा वाहकाच्या किंचित पुढे येतो, त्यामुळे जोडाची रेषा खांद्याच्या कडेमागे दडते. वाहकाची खाकी थोडी अधिक धुतलेली, फिकट आहे. कारागिराने ती इतरांसारखी गडद केली नाही; फक्त सकाळच्या उन्हाचा पिवळेपणा शेजारच्या बाहीइतका आणला. रांगेत प्रत्येकाची खाकी वेगवेगळ्या धुण्यांची असते, हे त्याने पाहिले होते.

एक उणीव राहिली आहे. वाहकाच्या बुटांखालची सावली शेजाऱ्याच्या सावलीपेक्षा पुसट आहे. मागच्या रांगेत बूट खुर्च्यांआड जातात, पण टोकाला उभ्या माणसाचे दिसतात.

दुसरी प्रत उत्तम आहे आणि आगाराच्या भिंतीवर तीच लागावी. फक्त नावांच्या ओळीत त्याच्या नावापुढे 'छायाचित्र दुसऱ्या दिवशी घेतलेले' एवढे छापावे, आणि मूळ फोटोही जपून ठेवावा. तुमच्याकडे असा फोटो निघणार असेल आणि कुणी येणार नाही हे आधीच माहीत असेल, तर छायाचित्रकाराला रांगेच्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी सोडायला सांगा आणि कॅमेऱ्याच्या पायांची जागा खडूने आखून घ्या.