दौतीच्या तळावरची शंकरपाळी

जुन्या बाजारातून घेतलेली एक पितळी दौत गेली काही वर्षे माझ्या टेबलावर आहे. पानाच्या आकाराची तबकडी, मधोमध बिजागरीचे झाकण, आत काचेचा पेला आणि पुढे टाक ठेवण्याची खाच. तबकडी उलटी केली की तळावर शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण दिसते. ही ब्रिटनमधील रचना-नोंदणीची खूण होय. तिच्या कोपऱ्यांत अक्षरे-आकडे असतात आणि डोक्यावरच्या वर्तुळात वर्ग असतो. रोमन एक म्हणजे धातू, रोमन तीन म्हणजे काच.

ही खूण वाचताना आपल्याकडचे बहुतेक संग्राहक एकच चूक करतात, आणि मीही ती केली आहे. माझ्या दौतीवर ‘एच’ हे अक्षर आहे. तक्त्यात ‘एच’समोर १८४३ दिसले आणि मी वहीत तेच लिहून मोकळा झालो. पण १८४२ साली सुरू झालेल्या या पद्धतीतली वर्षाची अक्षरे १८६७ मध्ये संपली आणि १८६८ पासून तीच अक्षरे पुन्हा वापरली गेली. त्यामुळे ‘एच’ १८४३चाही आहे आणि १८६९चाही. दोन्ही फेऱ्यांतला फरक जागेवरून कळतो. पहिल्या फेरीत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात येते आणि दिवस उजवीकडे. दुसऱ्या फेरीत दिवस वर जातो, वर्ष उजवीकडे येते आणि महिना खाली. माझ्या दौतीवर वर १२, उजवीकडे ‘एच’ आणि खाली ‘ई’ आहे. ‘ई’ म्हणजे मे. तेव्हा नोंद १२ मे १८६९ची. माझा अंदाज तब्बल सव्वीस वर्षांनी चुकला होता.

डावीकडचा आकडा त्या दिवशीच्या नोंदींमधला क्रमांक. लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात या नोंदवह्या आहेत. तारीख आणि हा क्रमांक जुळवले की नोंद करणाऱ्याचे नाव सापडते. मात्र ते नाव कारागिराचेच असेल असे नाही. पुष्कळदा ते व्यापाऱ्याचे असते.

खरा वाद इथून पुढे आहे. विक्रेते आणि प्रदर्शनांची माहितीपत्रके ‘१८६९ची दौत’ असे बेधडक लिहितात. खूण एवढेच सांगते की ही रचना त्या दिवशी नोंदवली गेली, आणि वस्तू त्याआधीची असू शकत नाही. धातूच्या वस्तूंना तेव्हा मोजक्याच वर्षांचे संरक्षण मिळे, पण साचा तेवढ्यात थोडाच मोडतो! शिवाय जुन्या दौतीवरून कोणी नवा साचा घेतला, तर खूणही नव्या ओतकामात जशीच्या तशी उतरते.

ही शेवटची शक्यता पडताळता येते. पितळ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते. म्हणून मूळ वस्तूवरून केलेली नक्कल प्रत्येक मापाने थोडी लहान भरते. माझ्या एका मित्राकडे याच नक्षीची दौत आहे. तिची तबकडी २०३ मिलिमीटर लांब आहे, माझी १९९. दोन टक्क्यांच्या आसपास फरक. नुसती लांबी कानसेने घासूनही कमी होते, म्हणून आम्ही रुंदी आणि झाकणाचा व्यासही मोजला. तिथेही तोच फरक निघाला. मित्राच्या तबकडीवर पानांच्या शिरा नखाला लागतात, माझ्या तबकडीवर त्या लोण्यातून काढल्यासारख्या गुळगुळीत आहेत. खुणेतला ‘ई’ही कडांशी विरघळला आहे. खूप पुसल्यानेही नक्षी झिजते खरी, पण ती झीज उंचवट्यांवर असते. माझ्याकडे खोलगट भागही बोथट आहे, आणि तिथे फडके पोचत नाही.

काचेचा पेलाही दुसऱ्याच घरचा. त्याच्या अंगावरची साच्याची रेघ थेट ओठावरून आत उतरते. हे पूर्ण यंत्राने केलेल्या बाटलीचे लक्षण आहे, आणि तसे यंत्र अमेरिकेत ओवेन्सने १९०३च्या सुमारास बनवले. पेला खाचेत सैल बसतो, कडेला कागदाची घडी घालावी लागते. मूळ पेला फुटला असावा, दौतीचा तोच भाग आधी जातो.

सोबत आलेल्या टाकाचे सांगून तारीख ठरवू नये. निब तर महिन्या-दोन महिन्यांनी बदलण्याचीच वस्तू. माझ्या निबवर ‘पेरी अँड कंपनी लिमिटेड’ आहे, आणि ‘लिमिटेड’ हा शब्द त्या नावाला १८७६ मध्ये लागला. म्हणजे १८६९च्या मूळ दौतीसोबतही ती निब नवी विकली गेली नसती.

वहीतली नोंद आता अशी आहे: रचना १२ मे १८६९, तबकडी मूळ वस्तूवरून नंतर ओतलेली, काळ अनिश्चित, पेला विसाव्या शतकातला, निब १८७६ किंवा त्यानंतरची.